यकृतातली पाण्याची गाठ : सुई घालण्याआधी पडदा शोधा

चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'लिव्हर ॲब्सेस, सोनोग्राफी करून पू काढणे.' म्हणजे यकृतात पू झालाय, सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत बघत सुई घालायची आणि तो काढून टाकायचा. यात नवल काही नव्हतं. अमिबामुळे यकृतात होणारा पू आपल्याकडे नेहमी दिसतो आणि असा पू मी कितीतरी वेळा काढलेला आहे. नर्सने ट्रे मांडून ठेवला होता. टेबलावर माण तालुक्यातली अडतीस वर्षांची एक बाई झोपली होती. घरची मेंढरं, वर्षातले सात-आठ महिने कळपामागे वणवण. दोन महिन्यांपासून उजव्या बरगडीखाली जड वाटत होतं, त्यातच आठवड्यापूर्वी ताप येऊन गेला. तालुक्याला केलेल्या सोनोग्राफीत यकृताच्या उजव्या भागात नऊ सेंटिमीटरची पोकळी दिसली. आत गढूळ काहीतरी होतं. ताप आणि गढूळ पोकळी म्हटल्यावर पू, असा हिशेब तिथे मांडला गेला होता.

सुई घालण्याआधी मी स्वतः एकदा पूर्ण सोनोग्राफी करते. प्रोब बरगड्यांच्या मधे ठेवून जरा दाबला. अमिबाचा पू असला की पेशंट इथे हमखास कळवळतो. ती शांत होती. रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या नव्हत्या, आणि ताप तर घरातल्या सगळ्यांनाच सर्दीबरोबर येऊन गेला होता. मग पडद्यावर नीट पाहिलं. पोकळीची कड गोल आणि रेखीव होती. आत जे गढूळ म्हणून लिहिलं होतं ती एक लांबट, नागमोडी, चमकदार रेघ होती. मी तिला डाव्या कुशीवर वळायला सांगितलं. रेघ पाण्यात हलली, वळली, आणि हळूहळू खालच्या बाजूला जाऊन बसली.

मी नर्सला ट्रे उचलायला सांगितलं.

"काय झालं मॅडम? पू काढायचा न्हाय का?" टेबलावरच्या बाईने विचारलं.

"ताई, हा पू नाहीये. ही जंताची गाठ आहे. आज हिला हात लावायचा नाही."

ती रेघ कशाची होती आणि तिच्यामुळे सुई का थांबली, ते या लेखात सांगायचंय.

हा जंत मुळात कुत्र्याचा. इकायनोकॉकस ग्रॅन्युलोसस असं त्याचं लांबलचक नाव आहे, पण जंत स्वतः जेमतेम तीन ते सहा मिलिमीटरचा. कुत्र्याच्या आतड्यात असे हजारो जंत राहू शकतात आणि कुत्र्याला त्याचा पत्ताही लागत नाही. त्यांची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून बाहेर पडतात, गवतावर, पाण्यात, कुत्र्याच्या स्वतःच्या केसांवर लागतात. मेंढरू चरताना ती पोटात घेतं. मेंढराच्या यकृतात किंवा फुप्फुसात त्यांची गाठ होते, आणि मेंढरू कापल्यावर गाठीचा तो भाग कुत्र्यापुढे टाकला की चक्र पुरं होतं. माणूस या चक्रात चुकून सापडतो. कुत्र्याला कुरवाळलेला हात न धुता भाकरीला लागला, न धुतलेली भाजी कच्चीच खाल्ली, उघड्यावरचं पाणी प्यायलं, की अंडं पोटात जातं. मटण खाल्ल्याने माणसाला ही गाठ होत नाही आणि एका माणसाकडून दुसऱ्याला लागतही नाही. हे मुद्दाम सांगते, कारण निदान झाल्यावर घरात बाईचं ताट वेगळं केलेलं मी पाहिलंय.

अंड्यातून सुटलेला जीव आतड्याच्या भिंतीतून रक्तात शिरतो. आतड्यातलं रक्त आधी यकृतात जातं, त्यामुळे बहुतेक वेळा तो तिथल्या चाळणीतच अडकतो, आणि तेही जास्त करून उजव्या भागात. यकृतातून निसटला तर पुढे फुप्फुसात. एकदा अडकला की तो तिथे पाण्याने भरलेला फुगा करतो. हा फुगा वर्षाला काही मिलिमीटर, कधी काही सेंटिमीटर वाढतो. म्हणून लहानपणी पोटात गेलेल्या अंड्याची गाठ तिशी-चाळिशीत लक्षात येते. कित्येकांना तर ती दुसऱ्याच कशासाठी केलेल्या सोनोग्राफीत कळते.

फुग्याचे तीन थर

सोनोग्राफीत काय दिसतं ते समजायचं असेल तर या फुग्याची भिंत समजून घ्यावी लागते, कारण सगळं निदान या भिंतीवर उभं आहे. सर्वांत बाहेरचा थर जंताचा नसतो, आपला असतो. परक्या वस्तूभोवती यकृत चिवट तंतूंचं कुंपण घालतं, तो हा थर. त्याच्या आत जंताचा स्वतःचा पांढरा पडदा. ऑपरेशनमध्ये तो बाहेर काढलेला पाहिला तर उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्या भागासारखा लिबलिबीत आणि दुधाळ दिसतो. त्यात पेशी नसतात, नुसते एकावर एक पापुद्रे असतात. आणि त्याच्याही आतल्या बाजूला अगदी पातळ असा जिवंत थर. सगळं बीज इथे तयार होतं. या थरातून छोट्या छोट्या कुप्या फुटतात आणि त्यांच्यात जंताची सूक्ष्म डोकी तयार होतात. कुप्या फुटल्या की ही डोकी पाण्यात सुटतात आणि तळाशी वाळूसारखी बसतात. या जंताच्या गाठीला डॉक्टर हायडॅटिड म्हणतात, म्हणून ही हायडॅटिड वाळू.

यातलं प्रत्येक डोकं दोन गोष्टी करू शकतं. कुत्र्याच्या पोटात गेलं तर त्याचा पूर्ण वाढलेला जंत होतो. माणसाच्या पोटात मोकळं सांडलं तर त्याची नवी गाठ होऊ शकते. ही दुसरी गोष्ट लक्षात असू द्या, पुढे लागेल.

बाहेरचं कुंपण आणि आतला पांढरा पडदा एकमेकांना चिकटलेले असताना आतल्या पाण्याला चांगला ताण असतो. गाठ टणक, गोल, आणि आत पाणी स्वच्छ काळं. सोनोग्राफीत पाणी काळंच दिसतं. वरवर पाहिलं तर ही गाठ यकृतातल्या निरुपद्रवी साध्या पाण्याच्या गाठीसारखीच वाटते. फरक भिंतीत असतो. साध्या गाठीची भिंत इतकी पातळ असते की ती वेगळी अशी दिसतच नाही. इथे मात्र दोन चमकदार रेघा आणि त्यांच्यामधे एक बारीक काळी फट दिसते. रुळांच्या जोडीसारखी ही दुहेरी रेघ नेहमीच्या पोटाच्या प्रोबने निसटू शकते. गाठ वरच्या बाजूला असेल तर मी जास्त फ्रीक्वेन्सीचा, थायरॉइडसाठी वापरतो तो सपाट प्रोब लावून भिंत पाहते. आणि पेशंटला एकदा कुशीवर वळवते. तळाची वाळू उठली की काळ्या पाण्यात पांढरे ठिपके भुरभुरतात आणि पुन्हा खाली बसतात. या वळवण्याला अर्धा मिनिट लागतो. गर्दीच्या ओपीडीत नेमका तोच अर्धा मिनिट वाचवला जातो.

काही काळाने आतला ताण कमी होतो. कधी पडद्याला चीर जाते, कधी पाणी बारीक पित्तनलिकेत झिरपतं, कधी औषधाने. मग पांढरा पडदा कुंपणापासून सुटतो आणि पाण्यात लोंबकळायला लागतो. ताईंच्या गाठीत दिसलेली नागमोडी रेघ म्हणजे हाच सुटलेला पडदा. पूर्ण सुटून पाण्यात पसरला तर तळ्यातल्या कमळाच्या पानांसारखा दिसतो आणि पुस्तकांत त्याला तसंच नाव आहे. हे चित्र एकदा स्पष्ट दिसलं की दुसऱ्या कशाचा संशय फारसा उरत नाही. पुवाच्या पोकळीत असा सलग, घडी पडलेला, हलणारा पडदा नसतो. तिथे कण असतात, गाळ असतो, कड खडबडीत असते.

गाठीच्या पोटात गाठी

दुसरं चित्र याहून वेगळं. जुन्या गाठीत जिवंत थर कधी कधी आतच नव्या छोट्या गाठी तयार करतो. यांना डॉटर सिस्ट म्हणतात, आपण पिल्लू गाठी म्हणू. प्रत्येक पिल्लाला स्वतःचा पांढरा पडदा, स्वतःचं पाणी आणि स्वतःचं बीज असतं. ऑपरेशनच्या वेळी मोठी गाठ उघडली की पिकलेल्या पांढऱ्या द्राक्षांचा घड फुटावा तशा त्या बाहेर येतात. सोनोग्राफीत मोठ्या काळ्या वर्तुळात छोटी काळी वर्तुळं दिसतात. थोडी असली तर कडेला चिकटलेली, जास्त असली तर मधाच्या पोळ्यासारखी दाटीवाटीने, आणि कधी मधल्या गाभ्याभोवती बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखी मांडलेली.

इथे एक चूक नेहमी होते. दोन पिल्लू गाठी एकमेकींना टेकल्या की त्यांच्या भिंती मिळून एक आडवी भिंत दिसते आणि रिपोर्टमध्ये 'सेप्टेटेड सिस्ट', म्हणजे कप्पे असलेली गाठ, असं लिहिलं जातं. कप्प्यांची गाठ पित्ताच्या नलिकांपासूनही होते आणि तिचा इलाज अगदी वेगळा आहे. ओळखायचं असेल तर भिंतीकडे न बघता पोकळ्यांच्या आकाराकडे बघावं. पिल्लू गाठ ही स्वतःत पूर्ण गोल असते, आणि तिची कड मोठ्या गाठीच्या भिंतीपासून वेगळी काढता येते. कप्पा मात्र दोन्ही टोकांनी बाहेरच्या भिंतीतूनच निघालेला असतो. शिवाय पिल्लांच्या भिंतीत रक्त वाहत नाही. डॉप्लरचा रंग लावून कप्प्याच्या भिंतीत रक्तप्रवाह दिसला तर मी हायडॅटिड लिहायला कचरते.

पुढे पुढे गाठ मरायला लागते. पाणी आटतं, पडदे चुरगळून एकमेकांवर बसतात आणि आत लोकरीच्या गुंड्यासारखं घट्ट, गुंतागुंतीचं चित्र होतं. शेवटी भिंतीत चुना साठतो. या पायऱ्यांना नंबर आहेत. ट्युनिशियाच्या घार्बी यांनी १९८१ साली सोनोग्राफीवरून पाच प्रकार मांडले होते. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने ते सुधारले आणि २००३ मध्ये नवी मांडणी छापून आली. आज रिपोर्टमध्ये तीच लिहायची असते. सीई १ म्हणजे स्वच्छ पाण्याची, दुहेरी भिंतीची. सीई २ पिल्लांची. सीई ३ए सुटलेल्या पडद्याची, आणि सीई ३बी म्हणजे घट्ट गाभ्यात पिल्लं. सीई ४ लोकरीच्या गुंड्याची, सीई ५ चुना साठलेली. हे नंबर पाठ करायची गरज पेशंटला नाही, पण रिपोर्ट लिहिणाऱ्याने ते लिहावेत असं माझं ठाम मत आहे. कारण सुई चालेल की नाही, ते या नंबरावर ठरतं. नुसतं 'हायडॅटिड सिस्ट' लिहून पाठवलेला रिपोर्ट सर्जनच्या फार उपयोगाचा नसतो.

सुईने काय होतं

बारा-तेरा वर्षांपूर्वी माझ्याकडे एक गृहस्थ सोनोग्राफीला आले. वय पंचेचाळीसच्या आसपास, पोट हळूहळू फुगत चाललेलं. प्रोब ठेवला तर ओटीपोटात, आतड्यांच्या पदरावर, मूत्राशयाच्या मागे, जिथे पाहावं तिथे गोल गाठी. मोजायला सुरुवात केली आणि अठरापर्यंत येऊन सोडून दिलं. यकृतात एक जुनी, सुरकुतलेली गाठ. जुने कागद मागितले तेव्हा गोष्ट कळली. तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका दवाखान्यात यकृतात 'साधी पाण्याची गाठ' सापडली होती. दुखतंय म्हणून त्याच दिवशी ओपीडीत सुई घालून पाणी काढलं. स्वच्छ, नळाच्या पाण्यासारखं चाळीस मिली पाणी निघालं, आणि सुई बाहेर काढली. पाच मिनिटांत तळहातांना खाज सुटली, मग अंगभर गांधी, मग घसा आवळल्यासारखं होऊन ते टेबलावरच बेशुद्ध झाले. रक्तदाब साठवर आला होता. सुदैवाने तिथल्या डॉक्टरांनी लगेच ॲड्रिनॅलिन दिलं आणि ते वाचले. चार दिवसांनी घरी सोडलं. कागदावर 'औषधाची रिॲक्शन' असं लिहिलं होतं. गाठीचं नाव कुठेच नव्हतं.

निष्काळजी सुईचे दोन्ही धोके या एका माणसाने भोगले होते. पहिला काही मिनिटांतला. गाठीतलं पाणी दिसायला स्वच्छ असलं तरी त्यात जंताची प्रथिनं असतात. वर्षानुवर्षं ती थोडी थोडी रक्तात झिरपतात आणि शरीर त्यांच्याविरुद्ध तयार होऊन बसतं. मधमाशी पहिल्यांदा चावली तर सूज येते, पण ॲलर्जी तयार झालेल्या माणसाला पुढचा दंश जिवावर बेततो, तसंच हे. सुईच्या भोकातून ताणाखालचं पाणी एकदम बाहेर पडलं की हा दुसरा दंश होतो. रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्तदाब कोसळतो, श्वासनलिका आवळते.

दुसरा धोका काही वर्षांनी उगवतो. सीई १ गाठीत पाण्याला ताण असल्यामुळे सुई काढली की भोकातून पाणी पोटात येतं, आणि त्याबरोबर वाळू. प्रत्येक कण हे एक डोकं. यकृताच्या पृष्ठभागाला लागून असलेल्या गाठीत सुई थेट घातली तर तिच्या बाजूनेही गळतं. ही डोकी पोटाच्या पदरावर रुजतात आणि दोन-चार वर्षांत अठरा गाठी होतात. सुई घालणाऱ्या डॉक्टरला तो पेशंट तेव्हा आठवतही नसतो. म्हणून चूक झाली हे त्याला कधी कळत नाही आणि तो पुढच्या पेशंटलाही तसंच करतो. मला सर्वांत जास्त काळजी या गोष्टीची वाटते.

आता दुसरी बाजू. या भीतीमुळे अनेक वर्षं 'हायडॅटिडला सुई म्हणजे महापाप' असंच शिकवलं गेलं. ते पूर्ण खरं नाही. १९८० च्या दशकात ट्युनिशियातल्याच डॉक्टरांनी गाठीत सुई घालून, पाणी काढून, आत जंत मारणारं द्रव भरून, ते परत ओढून घेण्याची पद्धत सुरू केली. तिच्या चार पायऱ्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला पेअर म्हणतात. जगभरातल्या सुमारे सहा हजार अशा उपचारांचा आढावा २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात ॲलर्जीने मृत्यू दोन, आणि सावरता आलेल्या रिॲक्शन्स शंभराच्या आत. म्हणजे तयारीने घातलेली सुई बऱ्यापैकी सुरक्षित आहे. पण हे आकडे गाठ ओळखून, औषध देऊन, भूलतज्ज्ञ उभा करून केलेल्या उपचारांचे आहेत. पू समजून ओपीडीत घातलेल्या सुईला ते लावता येत नाहीत.

ताईंचं पुढे काय झालं

त्यांचा रिपोर्ट मी असा लिहिला : यकृताच्या उजव्या भागात मागच्या बाजूला ९ बाय ८.५ बाय ८ सेंटिमीटरची गाठ, साधारण ३२० मिली पाणी, सुटलेला पडदा, पिल्लू गाठी नाहीत, सीई ३ए, पित्तनलिका फुगलेल्या नाहीत. त्याखाली ठळक अक्षरात, 'निदान पक्कं होईपर्यंत सुई घालू नये.' आणि चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी वाईट वाटून घेतलं नाही, उलट दुसऱ्या दिवशी इमेज बघायला आले.

रक्ताची तपासणी पॉझिटिव्ह आली. पण ती निगेटिव्ह आली असती तरी मी मत बदललं नसतं. यकृतातल्या खऱ्या गाठी असलेल्या काही जणांत ती निगेटिव्हच येते, विशेषतः भिंत धड असलेल्या ताज्या गाठीत, कारण आतलं काही बाहेर आलेलंच नसतं. शरीराला शत्रू दिसलेलाच नाही तर त्याविरुद्ध प्रतिपिंडं कुठून असणार? दुसरीकडे मेंदूतल्या फीतकृमीच्या गाठींमुळेही ती पॉझिटिव्ह येऊ शकते. म्हणून सोनोग्राफीतलं चित्र आणि रक्त यांचा झगडा झाला तर मी चित्राच्या बाजूने असते.

अल्बेंडाझोल सुरू झालं, ४०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. शाळेत जंतासाठी एकदा देतात तीच गोळी, पण इथे ती महिनोन्महिने घ्यावी लागते आणि जेवणाबरोबर घ्यावी लागते. ती रिकाम्या पोटी फारशी शोषली जात नाही, तुपातेलाच्या जेवणाबरोबर कितीतरी जास्त शोषली जाते. गोळी चालू असेपर्यंत यकृताची आणि पांढऱ्या पेशींची तपासणी करत राहावी लागते. गरोदरपणात, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, ती टाळतात, म्हणून आधी तेही विचारलं गेलं.

पाच सेंटिमीटरपेक्षा लहान सीई १ किंवा ३ए गाठ नुसत्या गोळीवरही बरी होऊ शकते. ताईंची मोठी होती, पण आत पिल्लं नव्हती. पेअर करता येण्यासारखी नेमकी हीच गाठ. ते मेडिकल कॉलेजमध्ये, ऑपरेशन थिएटरमध्ये झालं, आणि मला बघायला बोलावलं होतं. भूलतज्ज्ञांनी हातात सलाईन लावून ठेवलं होतं, ॲड्रिनॅलिन सिरिंजमध्ये भरलेलं होतं. सुई थेट गाठीत नाही, आधी निरोगी यकृताच्या जाड थरातून नेली. हे बारीक वाटतं, पण महत्त्वाचं आहे. सुई काढली की यकृताचं मांस त्या वाटेवर मिटतं आणि गळती तिथेच थांबते. पाण्याचा पहिला नमुना लगेच दोन ठिकाणी गेला. एक थेंब मायक्रोस्कोपखाली. तिथे डोकी आणि त्यांचे बारीक हुक दिसले. दुसरा पट्टीवर, पित्त आहे का बघायला. पित्त नव्हतं. असतं तर तिथेच थांबावं लागलं असतं, कारण गाठ पित्तनलिकेला जोडलेली असेल आणि आपण आत जंतनाशक भरलं तर ते पित्तनलिकांत जाऊन त्या कायमच्या आकसवतं.

मग पाणी ओढून घेतलं. सोनोग्राफीच्या पडद्यावर गाठीची भिंत आत बसत गेली. २० टक्के मिठाचं पाणी काढलेल्या पाण्याच्या साधारण एक तृतीयांश इतकं भरलं, पंधरा मिनिटं ठेवलं, परत ओढलं. ताई पूर्ण वेळ जाग्या होत्या. मध्येच एकदा म्हणाल्या, "मॅडम, एवढंसं पानी काढायला एवढी मानसं?" त्यांना तेव्हा तितकंसं कळलं नसेल. मला मात्र ते गांधी उठलेले गृहस्थ आठवत होते.

पिल्लं असती तर हे चाललं नसतं. एका पिल्लाचं पाणी काढलं तरी बाजूची पंधरा भरलेलीच राहतात, मिठाचं पाणी त्यांच्या पडद्याआड पोचत नाही आणि गाठ परत भरते. अशा सीई २ आणि ३बी गाठींना बहुतेक वेळा ऑपरेशन लागतं किंवा जाड नळी घालून आतले पडदेच ओढून काढण्याची वेगळी पद्धत. ऑपरेशनमध्येही सर्जन आधी आजूबाजूला जंतनाशकात भिजवलेले कपडे मांडतात, कारण सांडण्याचा धोका तिथेही तोच असतो.

कधी कळायच्या आधीच सुई गेली आणि पुवाऐवजी सिरिंजमध्ये काचेसारखं पाणी आलं, तर काय? 'अरे, साधी सिस्ट निघाली' म्हणून सुई काढून पेशंटला घरी पाठवू नये. तिथेच थांबून अनुभवी माणसाला फोन करावा आणि पेशंटवर नजर ठेवावी. खाज, गांधी, घरघर किंवा रक्तदाब उतरताना दिसला तर मांडीत ॲड्रिनॅलिन लगेच द्यावं, आधी दुसरी इंजेक्शनं देऊन वेळ घालवू नये. निघालेलं पाणी फेकू नये, तपासायला पाठवावं. त्याच दिवशी अल्बेंडाझोल सुरू करावं, आणि कागदावर खरं लिहावं, म्हणजे पुढची दोन-चार वर्षं सोनोग्राफी करणाऱ्याला पोटात काय शोधायचं ते कळेल. त्या गृहस्थांच्या कागदावर 'औषधाची रिॲक्शन' ऐवजी 'हायडॅटिडचा संशय, पाणी सांडलं' एवढं असतं, तर पोटातली पहिली गाठ दोन सेंटिमीटरची असतानाच सापडली असती.

ताई सहा महिन्यांनी आल्या तेव्हा गाठ चार सेंटिमीटरची झाली होती. पाणी जवळजवळ नव्हतं, पडदे एकमेकांवर बसून लोकरीचा गुंडा तयार झाला होता. त्यांना मी तसंच सांगितलं तर त्या हसल्या, लोकर त्यांच्या घरचीच. बरोबर नवरा, दोन मुलं आणि सासू. एकाच वाड्यातल्या माणसांनी तीच कुत्री, तेच पाणी वाटून घेतलेलं असतं, म्हणून मी सगळ्यांची सोनोग्राफी करायला सांगितली होती. दोन्ही मुलं आणि नवरा ठीक होते. दोन कुत्र्यांना जनावरांच्या डॉक्टरांनी प्राझिक्वांटेलची गोळी दिली होती आणि दर सहा आठवड्यांनी पुन्हा द्यायला सांगितली होती. पोटात गेलेल्या डोक्याचा अंडी घालणारा जंत व्हायला साधारण तेवढाच वेळ लागतो. मेंढरू कापलं की त्याचं यकृत आणि फुप्फुस आता पुरायचं, असं नवऱ्याने स्वतःहून सांगितलं.

सासूबाई शेवटी झोपल्या. सत्तरीच्या पुढच्या, पोटाची कधीच तक्रार नाही. यकृतात तीन सेंटिमीटरची गाठ, भिंतीत भरपूर चुना, मागे गडद सावली. सीई ५. कदाचित चाळीस वर्षांची. मेलेली, थंड झालेली.

"हिचं पन पानी काढायचं का?" ताईंनी विचारलं.

"नाही. यांना काहीच करायचं नाही. गोळी नाही, सुई नाही. वर्षाने एकदा दाखवून जा."

सासूबाईंनी पोटावरचं जेल पदराने पुसलं, लुगडं सावरलं आणि आधी नातवाला टेबलावरून खाली उतरवलं. तो प्रोबशी खेळत बसला होता.